पाट्या शुक्रवारी लागणार नाहीत

राज्य नवं झालं तेव्हा रायपुरात सगळ्यात आधी पाट्या बदलल्या. एका राज्याचं नाव पुसून दुसऱ्याचं लिहायचं होतं, आणि ते प्रत्येक कचेरीवर, प्रत्येक शाळेवर, प्रत्येक जीपच्या दारावर. तोवर मी गोल बाजारातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचं काम पाहत होतो. शहर राजधानी झालं, तसा मीही मनातल्या मनात मोठा झालो. समता कॉलनीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक जाहिरात एजन्सी निघाली होती. तिथं मी मॅनेजर म्हणून लागलो. आम्ही सहा जण होतो. टेबलावर माझ्या नावाची पितळी पट्टी मी स्वतःच करवून घेतली होती, आणि ती पाहुण्याला नीट दिसावी म्हणून थोडी तिरकी ठेवत असे.

आमचं पहिलं मोठं काम म्हणजे एका नव्या खासगी रुग्णालयाच्या पाट्या. एकूण शहाण्णव. कुठल्या खोलीत काय, कुठून वळायचं, कुठं थांबायचं, हे सगळं हिंदीत. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या, त्यावर मशीननं कापलेली चिकट अक्षरं. अक्षरं कापून लावायचं काम शहराबाहेरच्या एका वर्कशॉपला दिलं होतं. शुक्रवारी सगळ्या पाट्या लागायच्या, रविवारी उद्घाटन, सोमवारी सकाळी आठपासून पेशंट, असं ठरलेलं.

मंगळवारी दुपारी मी वर्कशॉपला गेलो. जायची गरज नव्हती. पाट्या तयार होत आहेत असं कळलं होतं, म्हणून जरा पाहून यावं, चार माणसांनी आपल्याला 'साहेब' म्हणावं, एवढाच हेतू होता. वर्कशॉपचे मालक साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी भिंतीला टेकवलेल्या पाट्या दाखवल्या. पहिली 'शौचालय'. सुरेख. दुसरी 'दवाई'. तीही सुरेख. तिसरीवर 'प्रसूति क' लिहिलं होतं आणि त्यापुढं एक स्वल्पविराम.

मला वाटलं, कामगार अर्ध्यावर चहाला गेला असेल. पण चौथीवर 'चिकि', मग एक उलटं प्रश्नचिन्ह, मग 'सक'. अस्थिरोगाच्या पाटीवर अस्थी मोडलेल्या होत्या. 'कक्ष' हा शब्द ज्या ज्या पाटीवर होता, तिथं तिथं 'क्ष' गायब. आणि रुग्णालयात कक्ष नाही अशी जागा किती असते?

त्या काळात हिंदीचे फाँट म्हणजे ज्याचा त्याचा कारभार होता. एका कॉम्प्युटरवर जिथं 'क्ष' असेल, तिथं दुसऱ्यावर स्वल्पविराम बसलेला असे. आमच्याकडचा फाँट आणि वर्कशॉपकडचा फाँट नावानं एकच, पण त्यांच्याकडचा जुना होता. जोडाक्षरं बहुतेक घसरली. साधी अक्षरं तेवढी शाबूत राहिली. मोजल्या तर एक्केचाळीस पाट्या बरोबर होत्या आणि पंचावन्न चुकलेल्या. म्हणजे त्या रुग्णालयात माणसाला शौचालय सापडलं असतं, जिना सापडला असता, पाणी सापडलं असतं, फक्त डॉक्टर सापडला नसता.

"पाट्या करण्याआधी तुम्ही बघितलं नाही?" मी मालकांना जरा चढ्या आवाजात विचारलं.

त्यांनी शांतपणे ड्रॉवरमधून एक कागद काढला. सगळ्या पाट्यांचा मजकूर छोट्या अक्षरांत छापलेलं ते प्रूफ होतं. खाली कोपऱ्यात 'ठीक है' लिहिलेलं आणि एक झोकदार सही. सही माझी होती.

झालं असं होतं की, चाळिशी लागून वर्ष झालं होतं आणि डॉक्टरांनी चष्मा दिला होता. तो मी ऑफिसात घालत नसे. मॅनेजर तरुण दिसावा असं माझं मत होतं. प्रूफ आलं तेव्हा मी रंग पाहिला, बाण बरोबर दिशेला आहेत का ते पाहिलं, वरच्या दोन ओळी वाचल्या आणि सही ठोकली. वरच्या दोन ओळी 'शौचालय' आणि 'दवाई' होत्या.

ऑफिसात परत येऊन मी डिझायनर मुलीला म्हटलं, "वर्कशॉपवाल्यांनी घोळ करून ठेवला." ती आमच्याच बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या एका मराठी घरातली, पण बोलायची हिंदीत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, अक्षरों को आकृति बनाकर भेजना था, वो मैं भूल गई। वो गलती मेरी है। लेकिन प्रूफ पर साइन आपका है।"

अक्षरांची चित्रासारखी आकृती करून पाठवली, की समोरचा फाँट कुठलाही असो, ती बदलत नाहीत. तिनं आपल्या वाटणीची चूक इतक्या सरळ कबूल केली, की मला माझी कबूल करायला जागाच उरली नाही. मी केबिनमध्ये जाऊन क्लायंटला पत्र लिहायला बसलो.

क्लायंट म्हणजे रुग्णालयाच्या प्रशासन अधिकारी. भिलाईच्या एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाई. मूळ भंडाऱ्याकडच्या, वडील कारखान्यात कामाला होते म्हणून इकडं वाढलेल्या. त्यांच्यासमोर मी खुर्चीत कधी पाठ टेकवून बसलो नाही. फोन करण्याचा विचार मनात आला तसा गेला. फॅक्स बरा, त्यात आवाज येत नाही.

पत्र मी हिंदीत लिहिलं, आणि लग्नपत्रिकांची सगळी विद्या त्यात ओतली. तासभर लागला. त्यातलं मुख्य वाक्य मला अजून पाठ आहे: 'कतिपय अपरिहार्य तकनीकी कारणों से कार्य की गति में आंशिक परिवर्तन संभावित है, तथापि हम गुणवत्ता हेतु कटिबद्ध हैं।' शेवटी त्यांच्या अमूल्य सहकार्याबद्दल आभार. वाचून मला इतकं समाधान वाटलं, की पंचावन्न पाट्या बिघडल्याचं मी दहा मिनिटं विसरूनच गेलो. फॅक्स पाठवला आणि कर्तव्य केल्यासारखा घरी गेलो.

बुधवारी सकाळी उत्तर आलं. मॅडमनी माझ्याच पत्राखाली पेनानं लिहून परत पाठवलं होतं: 'पत्र मिला। गुणवत्ता के लिए धन्यवाद। शुक्रवार सुबह नौ बजे सीढ़ी और दो आदमी तैयार रहेंगे।'

मी ते तीनदा वाचलं. उशीर होणार हे मी लिहिलं होतं, पण इतक्या अदबीनं लिहिलं होतं की त्यांना ते कळलंच नव्हतं. उलट, शुक्रवार पक्का झाला होता. आणि मधला एक दिवस माझ्याच हातानं वाया गेला होता.

दुपारी जेवायला घरी गेलो. बूढ़ापाऱ्यात तळ्यामागच्या गल्लीत आमचं घर. बाबा रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झालेले. कोणती गाडी कुठं आहे, किती लेट आहे, कोणाला बाजूच्या लाइनवर थांबवायचं आणि कोणाला पुढं काढायचं, हे त्यांनी बत्तीस वर्षं फोनवर बसून ठरवलं होतं. मी ताटातला भात नुसता चिवडत होतो.

"काहून जेवून नाही राहिला?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. म्हणजे आधी वर्कशॉपबद्दल सांगितलं, मग फाँटबद्दल, मग सहीबद्दल अगदी हळू आवाजात.

"आणि तिले काय कळवलं?"

मी खिशातून पत्राची प्रत काढली. बाबांनी चष्मा लावला. पूर्ण वाचलं. उलटवून मागची बाजूही पाहिली, जणू खरी माहिती तिकडं असेल.

"यात गाडी किती लेट आहे ते कुठं लिहिलं?"

"आंशिक परिवर्तन म्हटलं आहे ना, बाबा."

"ते मले दिसलं. शुक्रवारी किती पाट्या लागतील?"

"एक्केचाळीस."

"रविवारपर्यंत?"

मला माहीत नव्हतं. वर्कशॉपला मी विचारलंच नव्हतं. मी रागावून निघून आलो होतो.

"बघ," बाबा म्हणाले, "गाडी लेट झाली हे पॅसेंजर सहन करते. किती लेट ते सांगितलं नाही तर तो जेवायले जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही, घरी फोन करू शकत नाही. तू त्या बाईले प्लॅटफॉर्मवर बसवून ठेवलं. तिनं तर शिडी बोलावून ठेवली. आधी वर्कशॉपले फोन लाव. मग तिले फोन लाव. कागद मग लिहिजो."

वर्कशॉपच्या मालकांना मी ताटावरूनच फोन लावला. कालचा आवाज आठवून त्यांनी आधी कोण बोलतंय ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले की अ‍ॅक्रिलिक खराब झालेलं नाही. चुकीची अक्षरं सोलून, पाटी पुसून, नवी लावावी लागतील. कापायचं मशीन एकच. दिवसाला पंधरा होतील. आम्ही गुरुवारी दुपारपर्यंत दुरुस्त फाइल आणि तपासलेलं प्रूफ दिलं, तर शुक्रवारी पंधरा आणि शनिवारी पंधरा.

"म्हणजे शनिवारपर्यंत तीस," मी बाबांना म्हणालो. "तीस लिहितो."

"आणि लाइट गेली तर?"

त्या उन्हाळ्यात लाइट रोज जात होती.

"पंचवीस लिही," बाबा म्हणाले. "तीस आल्या तर तिले आनंद होईल. पंचवीस लिहून तेवीस आल्या तरी तोंड दाखवता येईल."

मग मॅडमना फोन लावला. मी म्हणालो, "मॅडम, कालचं पत्र नीट लिहिलं नव्हतं. पाट्या शुक्रवारी लागणार नाहीत. सगळ्या नाही लागणार."

पलीकडून, "किती?"

"पंचावन्न चुकल्या आहेत."

"किती दिवस?"

"सगळ्या व्हायला पुढचा गुरुवार."

"लिहून घेऊन या," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसरं पत्र वीस मिनिटांत झालं. एक पान. 'सब बोर्ड शुक्रवार को नहीं लग पाएँगे', हे पहिलंच वाक्य. मग किती बरोबर, किती चुकले, का चुकले. 'का' पाशी माझं पेन अडलं. 'प्रूफ में त्रुटि रह गई' असं लिहिलं. त्रुटी आपोआप राहून गेल्यासारखी वाटत होती. खोडलं. 'प्रूफ मैंने ठीक से नहीं पढ़ा और स्वीकृत कर दिया', असं लिहिलं. वाक्य लांबलं, पण खरं झालं. पुढं योजना: शुक्रवारी एक्केचाळीस ठरल्याप्रमाणे. शनिवारी चारपर्यंत आणखी पंचवीस. उरलेल्या तीस पुढच्या गुरुवारपर्यंत. तोवर त्या जागी मोठ्या अक्षरांत छापलेले कागद, प्लास्टिकमध्ये घालून. या वेळी फाइलमधल्या अक्षरांची आकृती करून पाठवणार, आणि प्रत्येक पाटीचं प्रूफ पाटीच्या मापातच काढून दोन माणसं वाचणार, त्यातला एक रुग्णालयाचा. रोज पाच वाजता मी फोन करणार, सांगण्यासारखं काही नसलं तरी. शेवटी, पहिल्या पंचवीस कोणत्या त्याची यादी.

नवी इमारत शहराच्या बाहेरच्या रस्त्यावर होती. आत रंगाचा वास भरला होता आणि मॅडम एका गुंडाळलेल्या गादीशेजारी टेबल टाकून बसल्या होत्या. त्यांनी पत्र वाचलं. मी उभा होतो. 'मैंने ठीक से नहीं पढ़ा' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, मग पुढं सरकलं. यादीवर आल्या तेव्हा बोलल्या.

"निदेशक कक्ष पहिला?"

"उद्घाटनाला मोठे लोक येतील, मॅडम."

"निदेशक साहेबांना त्यांची खोली माहीत आहे." त्यांनी ती ओळ कापली. 'सभागृह', 'अध्यक्ष', 'अतिथि कक्ष' हेही कापलं. "रविवारी जे येतील त्यांच्यामागं दहा माणसं असतात रस्ता दाखवायला. सोमवारी आठ वाजता जी बाई पोरगं कडेवर घेऊन येईल, तिच्यामागं कोणी नसतं. आपत्कालीन, नावनोंदणीकडचा रस्ता, प्रसूती, एक्स-रे, रक्त तपासणी. हे आधी."

मी यादी बनवताना अर्धा तास विचार केला होता. तिची त्यांनी दोन मिनिटांत उलथापालथ केली, आणि ती आता बरोबर होती हे मलाही दिसत होतं. माझ्या यादीत आपत्कालीन सतरावं होतं.

मग त्यांनी पत्राच्या तळाशी एक ओळ स्वतः लिहिली आणि माझ्या समोर सरकवली: 'सोमवार को जहाँ बोर्ड न हो, वहाँ सुबह आठ से बारह एजेंसी का एक आदमी खड़ा रहेगा।'

"सही करा," त्या म्हणाल्या. "या वेळी वाचून."

मी खिशातून चष्मा काढला, लावला, सगळं वाचलं आणि सही केली.

ऑफिसात येऊन मी डिझायनरला विचारलं, "सोमवारी कोणाला उभं करायचं?"

तिनं उलट विचारलं, "सर, प्रूफ किसने पास किया था?"

गुरुवारी प्रूफ आलं. टेबलावर मावेना, म्हणून आम्ही ते जमिनीवर पसरलं. मी गुडघ्यांवर बसून एकेक पाटी मोठ्यानं वाचत होतो आणि रुग्णालयाचे एक क्लार्क यादीवर खूण करत होते. 'प्रसूति कक्ष' पूर्ण वाचल्यावर मला जो आनंद झाला, तो त्या शब्दानं एरवी फक्त बापांना होतो.

शुक्रवारी एक्केचाळीस पाट्या वेळेवर लागल्या. शनिवारी दुपारी बारा ते तीन लाइट गेली. चार वाजता वर्कशॉपकडून आल्या बावीस. तीन कमी. पाच वाजता फोन करायचं मी लिहून दिलं होतं, म्हणून केला. नाही तर प्रामाणिकपणे सांगतो, मी कागद चिकटवून गप्प बसलो असतो.

"तीन कमी पडल्या, मॅडम. रक्त तपासणी, ईसीजी आणि दुसऱ्या मजल्याचा बाण. कागद लावले आहेत."

"रक्त तपासणीपाशी तुम्ही उभे राहा," त्या म्हणाल्या. एवढंच.

रविवारचं उद्घाटन उरलेल्या तेहतीस पाट्यांशिवाय उत्तम पार पडलं. कोणीही वर पाहिलं नाही.

सोमवारी आठला मी इस्त्रीचा शर्ट घालून, जिथून एक वाट एक्स-रेला आणि दुसरी रक्त तपासणीला जाते, त्या वळणावर उभा राहिलो. कागदावर 'विकृति विज्ञान एवं रक्त परीक्षण कक्ष' असं होतं. 'पॅथॉलॉजी'साठीचा हा शब्दप्रयोग माझाच. यादी पहिल्यांदा बनवताना शब्दकोशातून काढला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. पहिल्या तासात त्या कागदाखाली उभ्या राहून किमान वीस जणांनी मला विचारलं. कोणी "ब्लड टेस्ट?" कोणी नुसतं कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवून दाखवायचं. एक म्हातारी आली, हातात चिठ्ठी.

"खून जाँच कहाँ होथे, भइया?"

"यहीं दाई, सामने. ऊपर लिखा है." आईच्या वयाच्या बाईला इकडं दाई म्हणतात.

तिच्याबरोबर शाळेच्या कपड्यांतली नात होती. तिनं मान वर करून कागद वाचला, अडखळत, 'विकृति' पर्यंत. मग मला म्हणाली, "इसमें तो विकृति लिखा है." आणि आजीला घेऊन दोन पावलं मागं सरली. विकृती असलेल्या खोलीत आजीला न्यायला ती तयार नव्हती. मी त्यांना दारापर्यंत सोडून आलो.

बारा वाजेपर्यंत माझे पाय भरून आले आणि चार जणांनी मला वॉर्डबॉय समजून स्ट्रेचर आणायला पाठवलं. एकदा मी आणलंही. परत येताना मी डोक्यात हिशेब करत होतो की न केलेल्या पाट्यांमधल्या किती पाट्या कोणालाच कळणार नाहीत. चार निघाल्या. त्या अजून कापल्या नव्हत्या. म्हणजे बदलता येणार होत्या. पण बदलायच्या तर पुन्हा प्रूफ, पुन्हा मंजुरी, आणि गुरुवारचा शुक्रवार.

एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा उशीर मागायचा माझा धीर होत नव्हता. तरी पाच वाजता फोन केला, आणि पाठोपाठ फॅक्स. तीन ओळी: 'चार बोर्ड के शब्द कठिन हैं। "खून-पेशाब जाँच" जैसे सरल शब्द करने का सुझाव है। ये चार गुरुवार के बदले शुक्रवार को लगेंगे, बाकी गुरुवार को ही।'

उत्तर लगेच आलं. मॅडमनी 'हव' एवढंच लिहिलं होतं, खाली सही. आमच्याकडं 'हो'ला लोक हव म्हणतात, पण त्यांच्या हस्ताक्षरात तो शब्द मी पहिल्यांदाच पाहिला.

गुरुवारी आणि शुक्रवारी सगळ्या पाट्या लागल्या. वर्कशॉपच्या मालकांची मी माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. बाबांना सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं की शेवटी किती लेट. "सात दिवस," मी म्हणालो. ते पुन्हा पेपर वाचू लागले.

पुढची तीन वर्षं त्या रुग्णालयाची सगळ्या पुस्तिका, फॉर्म, कॅलेंडरं आम्हीच केली, आणि एकही काम उशिरा गेलं नाही. मी हे जमेल तिथं सांगत असे. मॅडम निवृत्त झाल्या, म्हणजे दुसऱ्यांदा, तेव्हा त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्यासमोरही सांगितलं. म्हटलं, त्या एका प्रसंगानंतर तुम्हाला आम्ही कधी वाट पाहायला लावली नाही.

"खरं आहे," त्या म्हणाल्या आणि प्लेटमधला समोसा मोडत त्यांनी सांगून टाकलं की तेव्हापासून त्या मला प्रत्येक कामाची तारीख, त्यांना हवी असायची त्याच्या चार दिवस आधीची देत होत्या.